दुपारच्या फोटोची संध्याकाळ करायची तर आधी ऊन काढावं लागतं

प्रश्न: भर दुपारी साडेबाराला काढलेला घराचा फोटो आहे. दुमजली घर, पुढे अंगण, उजवीकडे मोठं झाड, डावीकडे उभी गाडी. हाच फोटो सूर्यास्ताच्या वेळचा दिसायला हवा, पण घर, झाड, गाडी जिथल्या तिथे आणि जशीच्या तशी राहिली पाहिजेत. फोटोशॉपमध्ये रंग वॉर्म केले, आकाशही बदललं, तरी बघणारा लगेच ओळखतो. नेमकं काय चुकतंय?

वॉर्म करणं हीच पहिली चूक. ती सगळेच करतात, मीही बरीच वर्षं केली. Temperature चा स्लायडर उजवीकडे ओढला की फोटोला कावीळ होते, संध्याकाळ होत नाही. कारण दुपार आणि संध्याकाळ यांच्यातला मोठा फरक रंगाचा नसून प्रकाश कुठून येतो आणि कशावर पडतो याचा आहे.

समजा तुमच्या फोटोत सूर्य क्षितिजापासून 70 अंश वर आहे. अंगणाची जमीन जवळजवळ पूर्ण ऊन घेते, सुमारे 94 टक्के. सूर्याकडे तोंड असलेल्या उभ्या भिंतीला मात्र ऊन घासून जातं आणि तिला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. आता सूर्य 5 अंशांवर आणा. गणित उलटतं: सूर्याकडच्या भिंतीला जवळजवळ पूर्ण ऊन, जमिनीला फक्त 9 टक्के. म्हणजे दुपारच्या फोटोत जमीन उजळ आणि भिंती मंद, तर संध्याकाळी जमीन विझलेली आणि सूर्यासमोर जे उभं आहे ते पेटलेलं. तुम्ही आकाश बदललंत, रंग बदललेत, पण अंगण अजून दुपारसारखंच तळपतंय. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण त्याचा डोळा फसत नाही. आयुष्यभर रोज संध्याकाळ पाहिलेली असते ना.

म्हणून माझ्या कामाचा क्रम असा: आधी दुपारचं ऊन फोटोतून काढून टाकायचं, मग संध्याकाळचं थोडंसं, नेमक्या जागी घालायचं. पहिला भाग मोठा आणि कंटाळवाणा आहे, दुसरा छोटा. लोक पहिला भाग वगळून दुसऱ्यावर चार तास घालवतात.

पण त्याच्याही आधी एक निर्णय घ्यावा लागतो: सूर्य कुठे ठेवायचा? सूर्य कॅमेऱ्याच्या एका बाजूला ठेवला तर प्रत्येक वस्तूची एक बाजू उजळ, दुसरी काळोखी आणि जमिनीवर लांबलचक सावल्या, हे सगळं हाताने रंगवावं लागतं. 5 अंशांवरच्या सूर्यात सावली वस्तूच्या उंचीच्या अकरा पटींहून जास्त लांब पडते. तुमचं सहा मीटरचं घर जवळजवळ 69 मीटर लांब सावली टाकेल. झाडाची सावली फांदीन् फांदी खरी रंगवणं माझ्याच्याने होत नाही, आणि ज्यांना जमतं असं ते म्हणतात त्यांचीही मला पटलेली नाही.

म्हणून शक्य असेल तिथे मी सूर्य घराच्या मागे लपवतो. याचा फायदा लक्षात घ्या. घराची 69 मीटर लांब सावली कॅमेऱ्याच्या दिशेने येते आणि अख्खं अंगण गिळून टाकते. सावलीची कडच फोटोत येत नाही, त्यामुळे ती रंगवायचा प्रश्न उरत नाही. समोरची भिंत सावलीत, गाडी सावलीत. सगळीकडे फक्त आकाशाचा मऊ उजेड. आणि हाच उजेड तुमच्या दुपारच्या फोटोत आधीपासून हजर आहे, ते पुढे सांगतो.

सूर्य मागे ठेवायला दिशेची परवानगी मात्र लागते. घराचं तोंड साधारण पूर्वेला किंवा आग्नेयेला असेल तर सूर्य मागे मावळू शकतो. तुमच्या जागेची आणि तारखेची सूर्यास्ताची दिशा suncalc.org वर नकाशावरच बघता येते. ती बघाच. सूर्य बरोबर पश्चिमेला फक्त विषुवदिनांच्या आसपास मावळतो. एरवी तो उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो, विषुववृत्ताजवळ जास्तीत जास्त साडेतेवीस अंश आणि 45 अंश अक्षांशावर तर 34 अंशांपर्यंत. मी एकदा एका विश्रामगृहाच्या फोटोत सुंदर सूर्यास्त घातला, ग्राहकाने तो मोठा छापून स्वागतकक्षात लावला, आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या माळ्याने विचारलं की हा सूर्य उत्तरेला कधीपासून मावळायला लागला. छपाईचा खर्च मी भरला.

तुमच्या घराची दिशा मला माहीत नाही, तेव्हा घर आग्नेयेकडे तोंड करून आहे आणि उन्हाळ्यातला सूर्य घराच्या डाव्या भागामागे, डाव्या कोपऱ्याच्या थोडा आत मावळतो असं धरून चालतो. आता क्षितिजाची रेषा शोधा. कॅमेरा सरळ धरलेला असेल तर ती कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. घराच्या आडव्या कडा लांबवल्या की त्या ज्या पातळीवर मिळतात तीच ही रेषा. सूर्याच्या बरोबर खाली या रेषेवर एक बिंदू मांडा. सपाट जमिनीवरच्या सगळ्या उभ्या वस्तूंच्या सावल्या याच बिंदूतून फाकत आपल्याकडे येतात. त्या बिंदूतून घराच्या डाव्या कोपऱ्याच्या पायथ्याला स्पर्श करणारी रेषा खाली ओढा. या रेषेच्या उजवीकडचं सगळं घराच्या सावलीत. गाडी तिच्या उजवीकडे असली तर काम सोपं. डावीकडे असली तर सूर्य थोडा आणखी उजवीकडे, म्हणजे घराच्या आणखी आत सरकवा. पाच-सात अंशांच्या फरकाला कोणताही माळी हरकत घेणार नाही.

आता ऊन काढणं. रॉ फाइल असेल तर ती Camera Raw मध्ये उघडून प्रोफाइल Adobe Neutral ठेवा, Highlights बरंच खाली आणा, रंगाचं तापमान दुपारच्या उन्हाला साजेसं, 5500 केल्विनच्या आसपास राहू द्या आणि फोटोशॉपमध्ये 16 बिटमध्ये घ्या. या टप्प्यावर फोटो फिका आणि निर्जीव दिसला पाहिजे. कॅमेऱ्याने चढवलेला कॉन्ट्रास्ट असला तर पुढचं गणित बिघडतं.

इथे बहुतेक जण दुपारच्या सावल्या उजळवायला जातात. छपराच्या पुढे आलेल्या कडेची भिंतीवर पडलेली सावली उजळवून उन्हातल्या भिंतीसारखी करायची, असा विचार असतो. उलटं करा. उन्हातला भाग उतरवून सावलीसारखा करा. दुपारच्या सावलीत थेट ऊन नसतं, तिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो. घरामागे सूर्य गेल्यावर आख्ख्या भिंतीला जो उजेड मिळणार आहे तो साधारण असाच. म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या संध्याकाळचा नमुना भिंतीवर छपराखाली एका पट्ट्यात आधीच आहे. शिवाय सावली उजळवली की तिच्यातला दाणा वर येतो, आणि ऊन उतरवताना असं काही होत नाही.

उतरवायचं किती, हे डोळ्याने ठरवू नका, मोजा. Eyedropper चा नमुना 5 by 5 Average ठेवा आणि एकाच रंगाच्या, एकाच भिंतीवर, सावलीच्या कडेच्या दोन्ही बाजूंची किंमत घ्या. माझ्या एका जुन्या फाइलमधले आकडे देतो. उन्हातली भिंत R 214, G 206, B 190. सावलीतली R 92, G 98, B 108. आता प्रत्येक रंगासाठी:

```
गुणक = सावलीतली किंमत ÷ उन्हातली किंमत × 255

R:  92 ÷ 214 × 255 = 110
G:  98 ÷ 206 × 255 = 121
B: 108 ÷ 190 × 255 = 145
```

110, 121, 145 हा मळकट निळा रंग भरलेला Solid Color लेयर घ्या, ब्लेंड मोड Multiply ठेवा आणि त्याचा मास्क फक्त भिंतीच्या उन्हातल्या भागापुरता उघडा. उन्हाचा पट्टा उतरून सावलीत मिसळतो. दोन प्रकाशांतला फरक हा मुळात गुणाकाराचाच असतो, म्हणून Multiply इथे बरोबर बसतो आणि भिंतीचा पोत, डाग, भेगा, सगळं जागच्या जागी राहतं. दृश्याला हात लागू नये ही तुमची अट इथे पाळली जाते. भिंतीवर नवं काही रंगवलेलं नसतं, तिच्यावरचा उजेड तेवढा बदललेला असतो.

याच भिंतीवरचं दार, लाकडी चौकट, पाटी, सगळ्यांना हाच गुणक चालतो, कारण त्यांच्यावर पडणारं ऊन एकाच कोनातून येतं. वस्तूचा रंग वेगळा असला तरी फरक पडत नाही. जमिनीला मात्र हा गुणक लावू नका. जमिनीवर दुपारचं ऊन जवळजवळ सरळ पडतं, म्हणून तिथलं ऊन आणि सावली यांच्यातला फरक मोठा असतो. त्याच फाइलमध्ये उन्हातलं अंगण R 196, G 184, B 165 होतं आणि सावलीतलं R 62, G 66, B 74. गुणक निघाला 81, 91, 114. उतरत्या छपरासाठी तिसरा मोजावा लागतो. तीन पृष्ठभाग, तीन लेयर, तीन मास्क. छपरावर सावली सापडत नसेल तर भिंतीच्या आणि जमिनीच्या मधला आकडा धरून नजरेने जुळवा, छप्पर तेवढं चालवून घेतं.

कडेवर मग एक उजळ किंवा काळी बारीक रेघ उरते. ती का उरते हे कळलं की घालवणं सोपं. सूर्य आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे सावलीची कड कधीच धारदार नसते. सावली टाकणारी कड भिंतीपासून एक मीटरवर असेल तर सावलीची कड साधारण एक सेंटिमीटर पुसट असते. झाडाची फांदी जमिनीपासून पाच मीटरवर असेल तर चार-पाच सेंटिमीटर. तुमच्या मास्कची कड याच मापाने पुसट हवी. आख्ख्या मास्कला एकच Feather दिला की एका जागी रेघ जाते आणि दुसऱ्या जागी उमटते. मी आधी मास्क धारदार करतो, मग छोट्या ब्रशने जागेगणिक कड मऊ करतो. त्यानंतरही जे उरतं ते वेगळ्या रिकाम्या लेयरवर Healing Brush ने.

झाडाखालची कवडशांची जमीन हा या कामातला सगळ्यात नाठाळ तुकडा. शेकडो छोटे उजळ ठिपके, प्रत्येकाची कड पुसट. इथे हाताने मास्क करत बसू नका. Select मेनूतल्या Color Range मधून फक्त उजळ ठिपके निवडा, एक-दोन पिक्सेलने वाढवा, आणि जमिनीचाच गुणक लावा. सत्तर टक्के काम होतं. उरलेले ठिपके मी Clone Stamp ने त्याच झाडाखालच्या सलग सावलीतला पोत आणून झाकतो. काही ठिपके इतके जळालेले असतात की पोत शिल्लकच नसतो, 255 ला काहीही गुणलं तरी एकसारखा राखाडी डागच मिळतो. तिथे पोत उसना आणावाच लागतो, आणि तो दोन हातांवरच्या त्याच जमिनीवरून आणला तर मी त्याला दृश्य बदलणं म्हणत नाही.

एवढं झाल्यावर थांबा आणि फोटो दुरून बघा. तो ढगाळ दिवसाचा फोटो वाटला पाहिजे. मऊ, थोडा निळसर, कुठेही थेट ऊन नाही, पण गाडीच्या खाली, पायऱ्यांच्या सांध्यात, कुंड्यांच्या बुडाशी काळोख शिल्लक आहे. हा काळोख चुकूनही घालवू नका, तो उन्हाचा नाही. तिथे आकाशच पोचत नाही. तो गेला की गाडी जमिनीवर तरंगते. ढगाळ दिवस वाटत नसेल, कुठेतरी अजून ऊन दिसत असेल, तर पुढे जाऊ नका. मी पाच-सहा तासांच्या कामातले चार तास इथवर पोचायला घालवतो.

ऊन कुठे लपून बसतं ते सांगतो, म्हणजे शोधायला सोपं जाईल. दाराच्या कडीखालची इवलीशी सावली. खिडकीच्या पट्टीखाली पडलेली काळी रेघ. गजांच्या सावल्या. झाडाच्या शेंड्याकडच्या पानांवरची पांढरी चकाकी. आणि गाडीच्या टपावर ताऱ्यासारखा चमकणारा ठिपका, तो तर दुपारचा सूर्य स्वतःच आहे, आरशात पकडलेला. फोटोत माणूस असता तर नाकाखालची आणि डोळ्यांच्या खोबणीतली सावलीही काढावी लागली असती. चेहऱ्यावर ते काम इतकं नाजूक होतं की मी सहसा नकार देतो.

आता आकाश. दुसऱ्या फोटोतलं आकाश घालणं ही काही संगणकाची देणगी नाही. ग्युस्ताव्ह ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार 1850च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवर आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन एकत्र छापत असे, कारण त्या काळची काचेची निगेटिव्ह निळ्या रंगाला फार संवेदनशील होती आणि आकाश जळून पांढरं व्हायचं. त्यालाही हीच काळजी घ्यावी लागत होती: दोन्हींचा उजेड एकमेकांशी जुळला पाहिजे.

लोक आकाश निवडताना सगळ्यात भडक निवडतात, लाल-जांभळे ढग पेटलेलं. तसं आकाश असेल तर भिंतीवरही त्याची लाली पडली असती. शांत आकाश घ्या: सूर्याजवळ फिकट पिवळं, त्यावर पीच रंगाचा पट्टा, आणि वर जाता जाता निवत गेलेला निळा. तुमच्या फोटोइतक्याच रुंद लेन्सने, कॅमेरा सरळ धरून काढलेलं हवं. क्षितिज क्षितिजाला जुळवा, त्यातला सर्वांत उजळ भाग तुम्ही मांडलेल्या बिंदूवर आणा. आकाशाची डावी-उजवी बाजू उलटवायला हरकत नाही, पण ते वरखाली ताणू नका.

झाडाची पानं कापताना दुपारच्या निळ्या आकाशाचा फायदा घ्या. Channels मधला Blue चॅनल बघा: आकाश जवळजवळ पांढरं आणि पानं जवळजवळ काळी दिसतील. त्याची नक्कल करून Levels ने ताणली की पानागणिक मास्क तयार होतो. तरीही पानांच्या कडांना निळसर पांढरी झालर उरतेच, आणि संध्याकाळच्या फोटोत ती दिव्यासारखी चमकते. तिच्यावर माझा जुना उपाय असा: झाडापुरतं जुनं आकाश Levels ने पांढरं करून टाकायचं आणि त्या भागावर नवं आकाश Multiply मध्ये घालायचं. पांढऱ्याला गुणलं की नवं आकाशच मिळतं, काळ्या पानाला गुणलं की पान काळंच राहतं, आणि अर्धवट झालर आपोआप नव्या आकाशाच्या रंगाची होते.

आकाश बसलं की घर अचानक फार उजळ वाटेल. वाटू दे, ते खरंच उजळ आहे. सूर्य मागे असताना समोरची भिंत आकाशाच्या उजळ भागापेक्षा दीड ते दोन स्टॉप मंद असावी. घर, अंगण, गाडी या सगळ्यांवर मिळून एक Curves लेयर टाकून ते एकत्र खाली आणा, आणि अंगण भिंतीहून थोडं जास्त. पण काळं करू नका. कॅमेऱ्यापेक्षा डोळ्याला सावलीतलं जास्त दिसतं आणि बघणाऱ्याला घर बघायचंय.

मग रंग. इथे पुष्कळांना धक्का बसतो: फोटोचा बराचसा भाग नारिंगी होतच नाही. समोरच्या भिंतीवर मावळत्या सूर्याचा एकही किरण पडत नाही, तिला कॅमेऱ्यामागचं पूर्वेचं आकाश दिसतं, आणि ते संध्याकाळी निळसर, खालच्या बाजूला किंचित गुलाबी असतं. तेव्हा भिंत थंडच राहू द्या, फार तर किंचित गुलाबी छटा. ही थंड भिंत असते म्हणूनच मागचं आकाश ऊबदार वाटतं. सगळंच पिवळं केलं तर पिवळ्याची तुलना करायला काही उरत नाही.

नारिंगी कुठे, ते मोजक्या जागी. क्षितिजाजवळच्या सूर्याचा रंग 2000 ते 3000 केल्विनच्या घरात असतो, म्हणून इथे रंग अजिबात लाजरा नको. R 255, G 170, B 90 चा Solid Color लेयर, ब्लेंड मोड Linear Dodge (Add), मास्क पूर्ण काळा, आणि पांढऱ्या बारीक ब्रशने फक्त कडा उघडायच्या: छपराच्या माथ्याची कड, पाण्याच्या टाकीची, तारांची. बेरजेचा मोड लगेच अंगावर येतो, तेव्हा लेयरची Opacity 30 टक्क्यांपासून सुरू करा.

झाडाला ऊन कुठवर लागेल हेही काढता येतं. 5 अंशांच्या सूर्यात घरापासून दहा मीटर पुढे आलं तरी घराच्या सावलीची वरची हद्द नव्वद सेंटिमीटरच खाली उतरते. म्हणजे झाडाचा छपराच्या पातळीखालचा जवळजवळ सगळा भाग सावलीत, आणि त्याच्या वरचा शेंडा उन्हात. पण हे ऊन मागून येतंय. आपल्याला दिसणारी बाजू काळपट, कडेची पानं मात्र पेटलेली, कारण पानातून आरपार आलेला प्रकाश पिवळट हिरवा असतो. शेंड्याच्या कडेच्या पातळ पानांवर R 210, G 200, B 60 च्या आसपासचा रंग Soft Light मध्ये लावा. झाडाच्या मधल्या भागाचा हिरवा रंग Hue/Saturation मध्ये Greens निवडून वीस-पंचवीसने उतरवा. दुपारचा ताजा हिरवा हा या कामातला हमखास चुगलखोर आहे.

चकचकीत वस्तूंचं वेगळं. त्या उजेड झेलत नाहीत, परतवतात, म्हणून त्यांना गुणकाचं गणित लागू नाही. प्रत्येक चकचकीत पृष्ठभागाला विचारायचं: तुला इथून कोणतं आकाश दिसतंय? समोरच्या खिडकीच्या काचेत कॅमेऱ्यामागचं, पूर्वेचं आकाश दिसतं, म्हणजे ती मंद निळसर-गुलाबी. तिच्यात सूर्यास्त घालू नका, कितीही मोह झाला तरी. गाडीचं बॉनेट आणि टप मात्र आडवे आहेत, त्यांच्यावरून नजर घसरून पलीकडे जाते, म्हणून घराने अडवलेलं नसेल तिथे त्यांच्यात पश्चिमेचं आकाश उतरतं. तिथे पीच रंगाची एक मऊ पट्टी, पुढे-मागे विरत जाणारी. गाडीची आपल्याकडची बाजू गडद निळसर. गाडीवर ही एवढी पट्टी नीट बसली की अख्खा फोटो खरा वाटायला लागतो.

शेवटी हवा. सूर्याच्या बाजूला धूळ आणि दमटपणा प्रकाशाने भरतो, म्हणून घराच्या डाव्या वरच्या कोपऱ्याजवळच्या कडा किंचित विरघळलेल्या दिसतात. मोठ्या मऊ ब्रशने Screen मध्ये फिकट नारिंगी, 10 ते 15 टक्के, आकाशातून घराच्या कडेवर थोडं ओसंडू द्या. मागची झाडं किंवा टेकड्या असतील तर त्यांच्यावर जास्त, जवळच्या वस्तूंवर जवळजवळ नाही. सगळ्यावर मिळून थोडा दाणा टाका, म्हणजे दोन वेगळ्या फोटोंचा पोत एक होतो.

तपासणी एकच, पण निर्दय. वर एक Black & White लेयर टाका. रंग गेल्यावरही फोटो संध्याकाळचा वाटला पाहिजे. वाटत नसेल तर दोष रंगात नाही, कुठेतरी दुपारचं ऊन राहिलंय. जमीन भिंतीपेक्षा उजळ आहे का, कुठे सरळ खाली पडलेली सावली आहे का, ते शोधा. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा अंगणच दोषी निघतं.

आता तुमचं घर पश्चिमेकडे तोंड करून असेल तर. मग सूर्य तुमच्या पाठीमागे मावळणार. त्यात सूर्य वर ठेवला तर तुमची, तुमच्या मागच्या कुंपणाची, घरांची सगळ्यांची सावली अंगणात यायला हवी, आणि त्या सावल्यांचा आकार तुम्हाला माहीत नाही. अशा वेळी मी सूर्य दहा-पंधरा मिनिटं आधीच बुडालेला धरतो. ऊन काढण्याचा सगळा भाग जसाच्या तसा करायचा. त्यानंतर समोरच्या भिंतीवर पश्चिमेच्या आकाशाची एकसारखी, मऊ, गुलाबी-नारिंगी झाक द्यायची, जमिनीवर तिच्या निम्मी. खिडक्यांच्या काचेत आता पश्चिम दिसते, तेव्हा इथे सूर्यास्ताचे रंग हवेतच. घरामागचं आकाश मात्र पूर्वेचं: क्षितिजालगत पृथ्वीच्या सावलीचा करडा-निळा पट्टा आणि त्यावर गुलाबी पट्टा. तिथे पेटलेलं नारिंगी आकाश घातलंत तर सूर्य घराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी मावळतोय असं होईल.

आणि तुमच्याकडे रॉ नसून फक्त जेपेग असेल तर भिंतीवर आधी Info पॅनल फिरवून बघा. उन्हातल्या भिंतीच्या तिन्ही किमती 250 च्या वर असतील तर वरचं काहीच धड होणार नाही, कारण पोतच शिल्लक नाही. फोटो पुन्हा काढणं शक्य असेल तर त्याच जागेवरून ढगाळ दिवशी काढा. ऊन काढण्याचे चार तास वाचतील, आकाश आणि कडांचं काम तेवढं उरेल.